दसऱ्याची आवक आणि सप्टेंबरचा हप्ता

वाशीमच्या बाजार समितीत नव्या सोयाबीनची आवक वाढते ती दसऱ्याच्या सुमारास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यार्डात जागा पुरत नाही. अडत्याच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा याच दोन-अडीच महिन्यांत पडतो. आयकर खाते मात्र १५ सप्टेंबरपर्यंत वर्षाच्या कराचा ४५ टक्के भाग भरून मागते. त्या दिवशी सोयाबीन शेतातच उभे असते. पाऊस उघडीप देईल की शेंगा भिजवील, भाव काय निघेल, गाडी आपल्या दुकानावर लागेल की शेजारच्या, यातले काहीच ठरलेले नसते. न झालेल्या कमाईचा कर आधी कसा भरायचा, आणि अंदाज चुकला तर व्याज किती पडते, हा हिशोब सोयाबीनच्या अडत्याला दरवर्षी करावा लागतो.

आगाऊ कर कोणाला लागतो

वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर जो कर बसतो, त्यातून उगमस्थानी कापला गेलेला कर, म्हणजे टीडीएस, वजा करायचा. उरलेली रक्कम १०,००० रुपये किंवा जास्त असेल तर ती वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरावी लागते. हाच आगाऊ कर. नोकरदाराचा कर दर महिन्याला पगारातूनच कापला जातो, म्हणून त्याला याची फारशी जाणीव नसते. व्यापाऱ्याच्या कमाईतून कोणी महिन्याला कापून घेत नाही. ते काम त्याला स्वतः करावे लागते. ज्यांचे वय ६० किंवा अधिक आहे आणि ज्यांना धंद्याचे किंवा व्यवसायाचे उत्पन्न नाही, त्यांना आगाऊ कर माफ आहे. साठी उलटलेला अडत्या दुकान चालवत असेल तर त्याला ही माफी लागू नाही.

चौकट : हप्त्यांचे वेळापत्रक
१५ जूनपर्यंत : वर्षाच्या कराच्या १५ टक्के
१५ सप्टेंबरपर्यंत : एकूण ४५ टक्के
१५ डिसेंबरपर्यंत : एकूण ७५ टक्के
१५ मार्चपर्यंत : पूर्ण १०० टक्के
हे आकडे त्या तारखेपर्यंतच्या एकूण भरण्याचे आहेत. सप्टेंबरचा ४५ टक्के म्हणजे जूनचे धरून.

वैयक्तिक करदात्याला हे वेळापत्रक २०१६ पासून लागू झाले. त्याआधी कंपन्या सोडून इतरांना तीनच हप्ते होते: सप्टेंबरमध्ये ३० टक्के, डिसेंबरपर्यंत ६० टक्के आणि मार्चपर्यंत पूर्ण. म्हणजे २०१६ नंतर जूनचा हप्ता नवा आला आणि सप्टेंबरचा बोजा ३० वरून ४५ टक्क्यांवर गेला. खरिपाच्या पिकावर चालणाऱ्या धंद्याला हा बदल जड गेला आहे.

शेजारच्या दुकानाला एकच हप्ता

अडत्याच्या शेजारी बी-बियाणे आणि खताचे कृषी केंद्र असते. दोघांची कमाई सारखी असली तरी कृषी केंद्रवाल्याला बहुधा मार्चचा एकच हप्ता असतो. याचे कारण कलम ४४-एडी. लहान व्यापाऱ्याने रोख उलाढालीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीवर किमान ६ टक्के नफा दाखवला, तर त्याच्याकडून तपशीलवार हिशोबवह्या मागितल्या जात नाहीत. २ कोटी रुपयांच्या उलाढालीपर्यंत ही सोय आहे. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ३ कोटींची होते. या व्यापाऱ्याने पूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालते.

अडत्याला ही सोय नाही. कमिशन किंवा दलालीचे उत्पन्न मिळवणाऱ्याला कायद्याने या कलमातून वगळले आहे. अडत म्हणजे कमिशनच. शेतकऱ्याचा माल हर्रासात विकून देणाऱ्या कच्च्या अडत्याची उलाढालही मालाच्या किमतीवर न मोजता त्याला मिळालेल्या अडतीवर मोजतात. १९८६ च्या परिपत्रकात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे अनेक अडत्यांची उलाढाल ४४-एडीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी भरते. तरीही चार हप्ते चुकत नाहीत. उलाढाल लहान आहे म्हणून आपल्यालाही मार्चचाच हप्ता, असे धरून चालणाऱ्या अडत्याला विवरणपत्र भरताना तीन हप्त्यांचे व्याज एकदम दिसते.

कराची रक्कम काढणे

हिशोबासाठी वाशीमच्या यार्डातला एक काल्पनिक अडत्या घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. खर्च वजा जाता अडतीचा नफा १४,०८,००० रुपये आणि बँकेतल्या ठेवीचे व्याज ९२,००० रुपये, एकूण १५,००,०००. शेतीचे उत्पन्न सध्या धरलेले नाही.

पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि १२ लाखांपुढच्या ३ लाखांवर १५ टक्क्यांनी ४५,०००. बेरीज १,०५,०००. त्यावर ४ टक्के उपकर ४,२००, म्हणजे १,०९,२००. बँकेने व्याजावर १० टक्क्यांनी ९,२०० रुपये आधीच कापले आहेत. ते वजा जाता बरोबर १,००,००० उरतात. पुढची सगळी टक्केवारी या एक लाखावर चालते.

हप्त्यांचे लक्ष्य मग सोपे होते: जूनपर्यंत १५,०००, सप्टेंबरपर्यंत ४५,०००, डिसेंबरपर्यंत ७५,०००, मार्चपर्यंत १,००,०००. पण एक लाखाचा हा आकडा ३१ मार्चनंतर, पूर्ण वर्षाची खातेवही मिटल्यावर कळतो. व्याज त्याच अंतिम आकड्यावर मोजतात. जूनमध्ये अडत्याने किती अंदाज केला होता, हे कोणी विचारत नाही.

हप्ता कमी पडला तर : कलम २३४-सी

या अडत्याने प्रत्यक्षात काय केले ते पाहू. जूनमध्ये हात राखून ५,००० भरले. सप्टेंबरमध्ये आणखी १५,०००, एकूण २०,०००. दिवाळीनंतर हातात पैसा आल्यावर डिसेंबरमध्ये ४०,०००, एकूण ६०,०००. मार्चमध्ये २०,०००, एकूण ८०,०००.

पहिल्या तीन हप्त्यांत जी रक्कम कमी पडते तिच्यावर दरमहा १ टक्का या दराने सरळ तीन महिन्यांचे व्याज लागते. शेवटच्या हप्त्यावर एकाच महिन्याचे. जूनला १०,००० कमी, ३ टक्क्यांनी ३०० रुपये. सप्टेंबरला २५,००० कमी, ७५० रुपये. डिसेंबरला १५,००० कमी, ४५० रुपये. मार्चला २०,००० कमी, १ टक्क्याने २०० रुपये. एकूण १,७०० रुपये.

इथे तीन महिने ठोक धरले जातात. १५ सप्टेंबरला कमी पडलेले २५,००० रुपये त्याने १६ तारखेलाच भरले असते, तरी व्याज ७५० रुपयेच लागले असते. किराणा दुकानातल्या उधारीसारखा दिवसाचा हिशोब इथे नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि १५ तारखेची संध्याकाळ टळली की दुसऱ्या दिवशी धावपळ करून पैसे भरले जातात. ती रक्कम वाया जात नाही, डिसेंबरच्या लक्ष्यात धरली जाते. पण सप्टेंबरचे व्याज तिने कमी होत नाही.

शेवटची तारीख रविवारी किंवा बँकेच्या सुट्टीला आली, तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेला हप्ता वेळेवर धरावा असे १९९४ चे परिपत्रक आहे. २०२५-२६ मध्ये १५ जून आणि १५ मार्च हे दोन्ही दिवस रविवारी आले होते. तरीही शुक्रवारीच रक्कम भरून मोकळे होणे बरे. विवरणपत्राचा हिशोब संगणक करतो, आणि तिथे परिपत्रक दाखवत बसण्यात जाणारा वेळ वाचलेल्या व्याजापेक्षा महाग पडतो.

अंदाजाला दिलेली जागा

पहिल्या दोन हप्त्यांसाठी कायद्याने थोडी मोकळीक ठेवली आहे. जूनपर्यंत १५ ऐवजी किमान १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ४५ ऐवजी किमान ३६ टक्के भरले असतील तर त्या हप्त्याचे व्याज मुळीच लागत नाही. आपल्या उदाहरणात जूनला १२,००० भरणाऱ्याला शून्य व्याज. मात्र ११,९०० भरले तर मोकळीक गेली आणि कमी पडलेली रक्कम १२,००० पासून न मोजता १५,००० पासून मोजली जाते: ३,१०० वर ३ टक्के, ९३ रुपये. डिसेंबर आणि मार्चला अशी मोकळीक नाही.

हंगामी धंद्यासाठी ही तरतूद फार कामाची आहे, कारण १५ ही संख्या १२ च्या सव्वापट आहे आणि ४५ ही ३६ च्या सव्वापट. त्यामुळे जून आणि सप्टेंबरचे हप्ते गेल्या वर्षाच्या करावर पूर्ण १५ आणि ४५ टक्क्यांनी भरले, तर यंदाचा कर गेल्या वर्षाच्या सव्वापट होईपर्यंत व्याज लागत नाही. समजा गेल्या वर्षीच्या उत्पन्नावर कर ८०,००० निघतो. जूनला त्याचे १५ टक्के म्हणजे १२,०००, सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के म्हणजे ३६,०००. यंदा कर १,००,००० झाला तरी हे दोन्ही आकडे बरोबर १२ आणि ३६ टक्क्यांवर येऊन टेकतात. सोयाबीन कसे येईल हे सप्टेंबरात ठाऊक नसले तरी चालते. डिसेंबरपर्यंत आवकीचा बराच अंदाज आलेला असतो, म्हणून तिथे खऱ्या आकड्यावर ७५ टक्के भरता येतात.

या रीतीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गेल्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला कर तसाच उचलून चालत नाही, कारण करांचे टप्पे बदलतात. नव्या प्रणालीतले टप्पे २०२५-२६ पासूनच बदलले. गेल्या वर्षाचे उत्पन्न घ्यावे आणि चालू वर्षाच्या टप्प्यांवर कर नव्याने काढावा. दुसरे, सव्वापट ही मर्यादा कराची आहे, उत्पन्नाची नाही. आपल्या अडत्याच्या उदाहरणात ८०,००० वरून १,००,००० पर्यंत कर चढायला उत्पन्न सुमारे १३,७२,००० वरून १५,००,००० होणे पुरेसे आहे. म्हणजे जेमतेम ९ टक्के वाढ. पेरा आणि पाऊस दोन्ही चांगले दिसत असतील तर सप्टेंबरात थोडे वाढवून भरलेले बरे.

काही उत्पन्नांसाठी कायदा याहून उदार आहे. जमीन किंवा शेअर विकून झालेला भांडवली नफा, लॉटरीचे बक्षीस, कंपन्यांचा लाभांश, आणि पहिल्यांदाच सुरू झालेल्या धंद्याची कमाई, यांचा अंदाज आधी बांधता येत नाही हे मान्य केले आहे. त्यांच्यामुळे आधीचा हप्ता कमी पडला आणि त्यांचा कर पुढच्या हप्त्यांत, किंवा हप्ते संपले असल्यास ३१ मार्चपर्यंत भरला, तर व्याज नाही. पावसावर अवलंबून असलेली आवक या यादीत नाही. शेअर बाजाराइतकाच मृगाचा पाऊसही बेभरवशाचा असतो हे लक्षात घेतले, तर हंगामी धंद्यावर हा अन्यायच आहे.

वर्षअखेर ९० टक्के : कलम २३४-बी

वर्ष संपल्यावर दुसरी कसोटी लागते. ३१ मार्चपर्यंत भरलेला आगाऊ कर टीडीएस वजा जाता उरलेल्या कराच्या ९० टक्के तरी झाला पाहिजे. १६ ते ३१ मार्चच्या दरम्यान भरलेली रक्कमही इथे आगाऊ कर म्हणूनच धरली जाते. ९० टक्के झाले तर हे व्याज नाही. झाले नाहीत तर उरलेल्या सगळ्या रकमेवर १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज सुरू होते, ९० टक्क्यांपर्यंतच्या तुटीवर नव्हे. महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना मोजतात.

आपल्या अडत्याने ८०,००० भरले, म्हणजे ८० टक्के. त्याने २८ जुलै २०२६ रोजी विवरणपत्र भरताना बाकीचा कर भरला असे धरू. एप्रिल, मे, जून आणि जुलै असे चार महिने, २०,००० वर ४ टक्के, ८०० रुपये. २३४-सीचे १,७०० धरून एकूण २,५०० रुपये व्याज. हेच त्याने ३० मार्चला आणखी १०,००० भरले असते तर एकूण ९०,००० झाले असते आणि २३४-बीचे ८०० रुपये पूर्ण वाचले असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खाते पाहून ९० टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की नाही हे तपासणे म्हणूनच महत्त्वाचे.

बाकीचा कर विवरणपत्रासोबत भरताना नुसते २०,००० भरून भागत नाही. भरलेली रक्कम कमी पडली तर ती आधी शुल्कात, मग व्याजात आणि उरली तर करात जमा धरतात. २०,००० भरले तर २,५०० व्याजात जातील आणि २,५०० कर बाकी राहील. त्याने २२,५०० भरायला हवेत.

दोन्ही व्याजांत एक फरक आहे. २३४-सी विवरणपत्रात दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराने मोजतात. २३४-बी खात्याने निश्चित केलेल्या कराने. विवरणपत्रात एखाद्या ठेवीचे व्याज दाखवायचे राहून गेले आणि खात्याने ते मागाहून धरले, तर २३४-सी वाढत नाही पण २३४-बी वाढते, आणि कर निश्चित होईपर्यंतचे महिने मोजले जातात. ही व्याजे अनिवार्य आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले आहे. धंद्याचा खर्च म्हणून ती नफ्यातून वजाही करता येत नाहीत. व्याज मोजताना मूळ रकमेतले शंभराखालचे रुपये सोडून देतात. उदाहरणार्थ १०,०९० ची तूट असली तरी व्याज १०,००० वर.

जास्त भरले तर परतावा मिळतो. त्यावर खाते दरमहा अर्धा टक्का देते, तेही परताव्याची रक्कम कराच्या १० टक्क्यांहून कमी नसेल तरच.

शेतीचे उत्पन्न करमुक्त, तरी कर वाढतो

वाशीम, रिसोड, मालेगाव किंवा कारंजाच्या यार्डातल्या पुष्कळ अडत्यांची स्वतःची शेती असते. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून अंदाज करताना ते बाजूला ठेवले जाते. चूक तिथेच होते. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त असेल आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरवण्यासाठी मिळवतात.

आपल्या अडत्याला शेतीतून २,००,००० निव्वळ मिळाले असे समजा. आधी दोन्ही मिळून १७,००,००० वर कर काढायचा: १,४०,०००. मग करमुक्त ४ लाख आणि शेतीचे २ लाख अशा ६,००,००० वरचा कर काढायचा: १०,०००. दोन्हींची वजाबाकी १,३०,०००. आधीचा आकडा १,०५,००० होता. फरक २५,०००, उपकर धरून २६,०००. भरायचा आगाऊ कर १,००,००० वरून १,२६,००० झाला. ज्याने शेती धरली नाही आणि चारही हप्ते एक लाखाच्या हिशोबाने अगदी वेळेवर भरले, त्याचे सप्टेंबरपर्यंतचे ४५,००० हे १,२६,००० च्या ३६ टक्क्यांहून किंचित कमी भरतात. मोकळीक जाते आणि ५६,७०० च्या लक्ष्यापासून ११,७०० ची तूट मोजून ३५१ रुपये व्याज लागते. जूनचेही १५,००० हे १२ टक्क्यांच्या, म्हणजे १५,१२० च्या, १२० रुपये खाली राहतात.

भरताना होणारी चूक

हप्ता आयकर खात्याच्या संकेतस्थळावर `e-Pay Tax` मधून भरतात. २०२५-२६ च्या कमाईचा कर भरताना आकारणी वर्ष `2026-27` निवडायचे होते. मार्चमध्ये घाईत `2025-26` निवडले की पैसे मागच्या वर्षाच्या खात्यात जमा होतात आणि चालू वर्षाचा हप्ता शून्य दिसतो. भरण्याचा प्रकारही पाहावा: आगाऊ कर म्हणजे `Advance Tax (100)`, विवरणपत्राच्या वेळी भरायचा बाकीचा कर म्हणजे `Self-Assessment Tax (300)`. चलनावर बँकेचा बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि तारीख असते. काही दिवसांनी `26AS` विवरणात तीच नोंद योग्य वर्षासमोर दिसते का, ते पाहिले की चूक लगेच कळते आणि दुरुस्तीचा अर्ज वेळेत देता येतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडी जाऊन तिथे कर वर्ष हा एकच शब्द आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. हप्त्यांच्या चार तारखा आणि टक्के तेच राहिले. २०२६-२७ या कर वर्षातही सप्टेंबरचा हप्ता सोयाबीनच्या आधीच येतो.